अर्ध्या तासात कव्हर लेटर: पहिली ओळ शेवटी लिहा

प्रश्न: मी पावसला राहते. बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय. आंब्याच्या कॅनिंगमध्ये दोन हंगाम काम केलं. पहिल्यांदा आलेल्या मालाची प्रतवारी, दुसऱ्यांदा लॅबमध्ये मदतनीस. दर तासाला पल्पचा ब्रिक्स आणि पीएच घेऊन वहीत लिहायचा, एवढंच. (गरम नमुन्याचा ब्रिक्स कमी येतो हे एकदा लक्षात आलं होतं, पण ते काही पत्रात लिहिण्यासारखं नाही.) आता रत्नागिरीतल्या एका मासळी प्रक्रिया कारखान्याला क्वालिटी असिस्टंट हवाय. जाहिरात मराठीत आहे: "कच्च्या मालाची आवक तपासणी, तापमान व एचएसीसीपी नोंदी ठेवणे, एक्सेलची माहिती, पाळीत काम, ऑगस्टपासून रुजू." बायोडेटा तयार आहे, पण कव्हर लेटरही मागितलंय आणि परवा शेवटची तारीख. रोज बसते आणि पहिल्या ओळीवरच अडते. अर्ध्या तासात बरं पत्र होईल अशी काही पद्धत आहे का?

उत्तर:

पद्धत आहे, आणि तुमचं अडणं अगदी स्वाभाविक आहे. पहिल्या ओळीत आपण स्वतःची ओळख करून देतो. पण पुढे काय सांगणार आहोत हेच ठरलेलं नसेल, तर ओळख नेमकी कशाची करून द्यायची? मग हात आपोआप शाळेतल्या विनंती अर्जाकडे वळतो. "वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की" असं लिहून होतं आणि पेन थांबतं. ते वाक्य चुकीचं नाही, फक्त त्याच्यापुढे जायला रस्ता नाही.

मी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षं भरतीचं काम पाहिलं आणि आता आमच्या भागातल्या मुलामुलींचे अर्ज बघून देतो. पुढे सांगतोय तो क्रम तिथूनच आलेला आहे. पायऱ्या पाच: जाहिरात वाचणे ५ मिनिटं, पुरावे काढणे ८, मधला परिच्छेद ९, मग सुरुवात आणि शेवट ४, तपासणी ४. मिनिटं दोनचार इकडेतिकडे झाली तरी चालतील. क्रम मात्र बदलू नका, कारण प्रत्येक पायरीला लागणारं सामान आधीच्या पायरीत तयार होतं.

आधी हे कुठे चालत नाही ते सांगतो. सरकारी भरतीत ठरलेला नमुना किंवा ऑनलाइन फॉर्म असतो, तिथे पत्राला जागाच नसते. आपल्याकडची बरीच मुलं जहाजावर जातात. तिथे एजंटला सीडीसी, कोर्सची प्रमाणपत्रं आणि आधीच्या जहाजांवरचा काळ बघायचा असतो, पत्र कोणी उघडत नाही. थेट मुलाखतीला बोलावलं असेल तरीही तसंच. आणि अर्ध्या तासाचं गणित बायोडेटा तयार असेल तरच जमतं. तुमचा आहे, म्हणून पुढे जाऊ.

जाहिरात

कागद आणि पेन घ्या. मोबाइल जाहिरात बघण्यापुरताच. (जुलै महिना आहे, दिवे जाणारच. पहिल्या चार पायऱ्या कागदावर होतात, त्यामुळे फार फरक पडत नाही.)

जाहिरातीतल्या गोष्टी दोन ढिगांत वाटा. एका ढिगात अटी: पाळीत काम, ऑगस्टपासून रुजू, एक्सेल. अटींना उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं, त्यांच्यावर परिच्छेद लिहायचा नसतो. दुसऱ्या ढिगात कामं: आवक तपासणी आणि नोंदी. पत्र फक्त या कामांबद्दल असतं. कामं सहा-सात दिलेली असली तरी वरची दोनच निवडा. लिहिणारा माणूस बहुतेक वेळा जे मनात सगळ्यात जास्त खुपतंय ते आधी लिहितो.

आता त्या दोन कामांपुढे एकच प्रश्न लिहा: हे काम नीट झालं नाही तर कारखान्याचं काय बिघडतं? पाच मिनिटांतली तीन या प्रश्नाला द्या, कारण पत्राचा सूर इथे ठरतो.

तुमच्या बाबतीत उत्तर असं आहे. बांगडा, तारली, कुपा असली मासळी पकडल्यावर थंड राहिली नाही तर तिच्यात हिस्टामिन तयार होतं. एकदा तयार झालं की नंतर गोठवून किंवा शिजवूनही ते जात नाही. कोल्ड स्टोरेज उणे १८ अंशांवर कितीही चोख चालू असलं तरी बोटीवर किंवा टेम्पोत जे बिघडलं ते बिघडलंच. माल आत घेताना पोटात थर्मामीटर खुपसून बघितलेलं तापमान आणि त्याची त्याच वेळी केलेली नोंद, एवढाच कारखान्याच्या हातातला आधार. परदेशी खरेदीदाराने किंवा तपासनिसाने विचारलं तर तीच वही पुढे ठेवायची असते. म्हणून "तापमान व नोंदी" या कोरड्या शब्दांमागे कारखान्याला एक विशिष्ट माणूस हवा आहे: आकडा दिसेल तसा लिहिणारा, आणि आकडा विचित्र वाटला तर गप्प न बसणारा. पाळीच्या शेवटी बसून सगळे रकाने एका शाईत भरणारे मदतनीस त्यांनी भरपूर बघितलेले असतात.

हे सगळं तुम्हाला पत्रात लिहायचं नाही. मासळीवाल्याला हिस्टामिन शिकवू नका. पण हे कळलं की आपल्या कामातलं काय उचलायचं ते कळतं.

पुरावे

कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ती दोन कामं, उजवीकडे तुम्ही स्वतः केलेलं काहीतरी. "मला येतं" असं लिहायचं नाही, "मी केलं" असं लिहायचं. उजवी बाजू भरताना स्वतःला चार गोष्टी विचारा. माझ्या हातात नेमकं काय होतं? किती आणि किती वेळा? काही चुकतंय हे मला कशावरून कळलं? मग मी काय केलं?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा, आणि त्याचं उत्तर तुम्ही कंसात घालून टाकून दिलंत.

तुमचा ब्रिक्स मीटर २० अंश तापमान धरून बनवलेला असतो. द्रव गरम झाला की त्याचा अपवर्तनांक उतरतो, म्हणून साखर तेवढीच असूनही आकडा कमी दिसतो. आपोआप तापमान जुळवून घेणारे मीटर मिळतात, पण तेही साधारण १० ते ३० अंशांपर्यंतच भरवशाचे. लाइनवरून वाफाळता नमुना आणून काचेवर ठेवला तर तो मीटर काय करणार? आणि कमी ब्रिक्स वहीत गेला तर पुढे चांगल्या मालावर शंका घेतली जाते. तुम्ही दोन आकड्यांतला फरक बघितलात, त्याचं कारण ओळखलंत. नोंदी ठेवायला माणूस शोधणाऱ्यासाठी तुमच्या अख्ख्या बायोडेटात याहून उपयोगाची ओळ नाही. बी.एस्सी.चे टक्के सगळ्यांकडे असतात.

माझ्याकडे येणारे बहुतेक अर्ज इथेच फसतात. "एवढंच" म्हणून माणूस खरा मुद्दा बाहेर ठेवतो आणि त्याच्या जागी मेहनती, प्रामाणिक, होतकरू, शिकण्याची जिद्द अशी विशेषणं भरतो. वाचणाऱ्याला विशेषणाचं काही करता येत नाही. मी अर्ज वाचताना समासात खुणा करायचो: कुठल्या वाक्यावर मुलाखतीत प्रश्न विचारता येईल? "मी प्रामाणिक आहे" यावर काय विचारणार? "गरम नमुन्याचा ब्रिक्स कमी येत होता" यावर मात्र केमिस्ट खुर्ची पुढे ओढून विचारतो, किती कमी, कशावरून कळलं, मग काय केलंत.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. आठवतात तेच आकडे लिहा. "दर तासाला एक नमुना" हा आकडा पुरेसा आहे, कारण तो खरा आहे आणि कामाचा वेग सांगतो. "नासाडी २० टक्क्यांनी कमी केली" असलं काही नेटवरच्या नमुन्यांत दिसतं म्हणून घालू नका. मदतनिसाच्या हातात नासाडी कमी करणं नसतं, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं, आणि एका फुगवलेल्या आकड्यापायी बाकीची खरी वाक्यंही संशयात येतात. तसंच आधीच्या मालकाचा किती माल परत आला, कुणाशी व्यवहार होता, हे पत्रात नको. आज त्यांचं बाहेर सांगणारी उद्या आमचंही सांगेल, असं वाटतं.

दुसऱ्या कामाचा, म्हणजे आवक तपासणीचा पुरावा तुमच्या पहिल्या हंगामात आहे. तुम्ही त्याला प्रतवारी म्हणता, ते त्याला आवक तपासणी म्हणतात. क्रेटमधून फळ उचलायचं, कापून साका आहे का बघायचं, डागी आणि कच्चं बाजूला काढायचं, नाकारलेल्याची नोंद करायची. माल आंब्याचा होता, पण दारात उभं राहून हे आत जाईल आणि हे नाही जाणार असं ठरवायचं काम तेच. माल घेऊन आलेला बागायतदार समोर उभा असताना क्रेट नाकारणं सोपं नसतं. बोटीवाल्यासमोरही तेच होणार आहे. असा एखादा प्रसंग खरोखर घडला असेल तर अर्ध्या वाक्यात घ्या, नसेल तर नको.

आठ मिनिटांत दोन कामांपुढे दोन पुरावे झाले की थांबा. तिसरा सापडला तर मुलाखतीला ठेवा.

मधला परिच्छेद

आता लिहायचं, पण मधलं. उजव्या बाजूचे तुकडे पूर्ण वाक्यांत उतरवा, ज्या क्रमाने कामं जाहिरातीत आहेत त्याच क्रमाने. जाहिरातीतला शब्द एकदा जसाच्या तसा वापरा, "आवक तपासणी" म्हणाले असतील तर आवक तपासणीच. ईमेल चाळणारा बरेचदा शब्द शोधत असतो, आणि आपली प्रतवारी म्हणजे तीच तपासणी हे त्याने ओळखावं अशी अपेक्षा ठेवायची नाही. पाच ते सात वाक्यं पुरतात. प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट.

इथे तुमच्या मनात येईल की मासळीचा अनुभव नाही हे लिहायचं की लपवायचं. बायोडेटात ते दिसणारच आहे, त्यामुळे लपणार नाही. माझं मत असं, की एकदा, लहान वाक्यात, माफी न मागता लिहा आणि लगेच पुढच्या वाक्यात काय उपयोगी पडेल ते लिहा. "अनुभव नसला तरी संधी दिल्यास संधीचं सोनं करीन" हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की डोळा आपोआप त्याच्यावरून घसरतो.

घरची परिस्थिती लिहावी का, असंही बरेचजण विचारतात. नको. वाचणारा माणूस निष्ठुर असतो असं नाही, पण तो जागा भरायला बसलेला असतो, आणि त्या माहितीवरून त्याला निवड करता येत नाही.

नऊ मिनिटं संपली आणि परिच्छेद ओबडधोबड वाटतोय, तरी पुढे चला. सुधारणा पाचव्या पायरीत.

सुरुवात आणि शेवट

मधलं लिहून झालं की पहिली ओळ आपोआप येते, कारण ओळख कशाची करून द्यायची हे आता समोर आहे. दोन वाक्यं: कुठली जागा, आणि मी कोण, तेही या जागेपुरतं. "आपल्या नामांकित व अग्रगण्य कंपनीत" यातली विशेषणं काढून टाका. शेवटच्या परिच्छेदात अटींच्या ढिगाचा निकाल लावा: पाळी चालेल का, कधीपासून येता, राहता कुठे. कोकणातल्या कारखान्यात राहण्याच्या जागेला महत्त्व आहे. पहाटेच्या पाळीला माणूस एसटीवर अवलंबून असेल तर पावसात तो पोचेल का, हा प्रश्न निवडणाऱ्याच्या डोक्यात असतोच. दुचाकी असेल तर लिहा. एक्सेलचंही नेमकं लिहा: रकाने भरता येतात आणि बेरीज-सरासरी काढता येते, एवढंच येत असेल तर एवढंच.

ऑगस्टचा मुद्दाही ध्यानात घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बंदी उठली की माल यायला लागतो, आणि तेव्हा माणूस शिकून तयार हवा असतो. म्हणून तारीख स्पष्ट लिहा. "लवकरात लवकर" याचा अर्थ त्यांना लावता येत नाही. आधी येणं शक्य असेल तर तेही सांगा. मशिनरी थंड असताना शिकवायला त्यांनाही बरं पडतं.

आता हे सगळं एकत्र केल्यावर कसं दिसतं ते बघा. तुमचे बारकावे मला माहीत नाहीत, म्हणून काही गोष्टी मी कॅनिंगमधल्या नेहमीच्या कामावरून भरल्या आहेत. जे तुमच्याकडे तसं घडलं नसेल ते काढून टाका.

> विषय: क्वालिटी असिस्टंट पदासाठी अर्ज
>
> महोदय,
>
> आपल्या कारखान्यातील क्वालिटी असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करत आहे. मी रसायनशास्त्रातली पदवीधर असून आंबा पल्पच्या कारखान्यात दोन हंगाम काम केलं आहे, त्यातला दुसरा हंगाम प्रयोगशाळेत.
>
> पहिल्या हंगामात माझ्याकडे कच्च्या मालाची आवक तपासणी होती. आलेल्या क्रेटमधून फळं कापून साका, डागी आणि कच्चा माल वेगळा काढत होते आणि नाकारलेल्या क्रेटची नोंद ठेवत होते. दुसऱ्या हंगामात दर तासाला पल्पचा नमुना घेऊन ब्रिक्स आणि पीएच मोजून नोंदवहीत लिहिण्याचं काम केलं. एकाच लॉटच्या दोन नोंदींत फरक दिसल्यावर गरम नमुन्याचा ब्रिक्स कमी येतो हे माझ्या लक्षात आलं. ते मी केमिस्टना दाखवलं आणि पुढे प्रत्येक नमुना थंड करून मोजू लागले. मासळीचं काम माझ्यासाठी नवीन आहे. मोजमाप ठरल्या वेळी घेणं, आकडा दिसेल तसा लिहिणं आणि वेगळा आकडा आला तर वरिष्ठांना लगेच सांगणं, याची मला सवय आहे.
>
> एक्सेलमध्ये नोंदी भरणं आणि सरासरी काढणं येतं. मी पावसला राहते, माझ्याकडे दुचाकी आहे आणि पाळीत काम करण्याची तयारी आहे. १ ऑगस्टपासून रुजू होऊ शकते, शिकण्यासाठी त्याआधी बोलावल्यास येईन. बायोडेटा सोबत जोडला आहे.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, मोबाइल क्रमांक)

मोबाइलच्या पडद्यावर हे दोनदा सरकवून संपतं. त्याहून मोठं नको. लहान कारखान्यात अर्ज वाचणारा बहुधा एचआरचा नसतो, तर प्रॉडक्शन मॅनेजर किंवा लॅबमधला केमिस्टच असतो, आणि तो दोन कामांच्या मध्ये उभ्याउभ्या वाचतो.

एचएसीसीपीचा, म्हणजे अन्न सुरक्षित ठेवायला धोके आधीच ओळखून आवरण्याच्या पद्धतीचा, उल्लेख मी मुद्दाम टाळलाय. तुम्ही त्याचं प्रशिक्षण घेतलं असेल किंवा कॅनिंगमध्ये त्या नावाची वही भरली असेल तर एक वाक्य जरूर घाला. फक्त शब्द ऐकून माहीत असेल तर घालू नका. नियंत्रणाचा निर्णायक टप्पा म्हणजे काय, हा पहिलाच प्रश्न येईल. मुलाखतीआधी तेवढं वाचून जा.

तपासणी

चार मिनिटं, त्यातली पहिली दोन मोठ्याने वाचण्यात. घरात कोणी ऐकत असेल तर ऐकू दे. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. जिथे तुम्ही एरवी असं बोलत नाही असं वाटतं, तिथे बोलता तसं करा.

मग एक चाचणी घ्या. कंपनीचं नाव आणि पद बोटाने झाका आणि विचारा, हेच पत्र बँकेला किंवा मोबाइलच्या दुकानाला चाललं असतं का? चालत असेल तर दुसरी पायरी झालेली नाही. अशा वेळी वाक्यं घोटून उपयोग नाही, रेघ मारलेल्या कागदाकडे परत जा. वरच्या पत्राचा मधला परिच्छेद मोबाइलच्या दुकानाला चालणार नाही, आणि तो तसाच असायला हवा.

उरलेल्या वेळात किरकोळ पण घातक गोष्टी बघा: पदाचं नाव जाहिरातीप्रमाणे, जुन्या पत्रातलं दुसऱ्या कंपनीचं नाव राहिलेलं नाही, मोबाइल क्रमांक बरोबर, बायोडेटा खरोखर जोडलेला. फाइलला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव द्या. "नवीन बायोडेटा शेवटचा २" अशा नावाची फाइल समोरच्याच्या संगणकावर हरवते. पत्र वेगळी फाइल करून जोडण्यापेक्षा ईमेलमध्येच लिहिलेलं मला बरं वाटतं, कारण जोडलेली दुसरी फाइल उघडली जाईलच असं नाही. जाहिरातीत दोन्ही फाइली वेगवेगळ्या मागितल्या असतील तर अर्थात त्यांचं ऐका. आणि तुमच्या वाडीत रेंज येते-जाते असेल तर शेवटच्या दिवसाची वाट न बघता उद्याच पाठवा.

पुढची जाहिरात इंग्रजीत असेल तर? पहिल्या दोन पायऱ्या मराठीतच करा. गरम नमुन्याची गोष्ट आठवायला इंग्रजी लागत नाही, उलट इंग्रजीत आठवायला गेलात तर पुन्हा विशेषणंच सुचतील. तिसऱ्या पायरीत लहान वाक्यं करून इंग्रजीत उतरवा, कामांची नावं जाहिरातीतलीच घ्या. भाषा कच्ची असेल तर याला अर्ध्याच्या जागी पाऊण तास लागेल. तो तिसऱ्या पायरीत वाढवा, पुराव्यांची आठ मिनिटं कापून नको.

रेघ मारलेला कागद टाकू नका. पुढच्या अर्जाला उजवी बाजू तयार असेल, फक्त डावी बदलेल, आणि डावी बदलली की उजवीकडचं काय उचलायचं तेही बदलेल. समजा उद्या औषध कंपनीच्या लॅबची जागा आली, तर साका आणि क्रेट मागे पडतील. तिथे मीटर, नमुना आणि तापमान याच गोष्टीला अख्खा परिच्छेद मिळेल.

बोलावणं आलं तर ब्रिक्सबद्दल विचारतील हे धरून चला. "किती फरक येत होता?" आकडा आठवत असेल तर सांगा. आठवत नसेल तर तसं सांगा आणि फरक कसा तपासला ते सांगा: त्याच नमुन्याचा अर्धा भाग गरम असताना मोजला की थंड करून पुन्हा मोजला, मधे मीटर डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावून बघितला होता का, वहीतल्या आधीच्या नोंदीला खूण केली की तशीच ठेवली. याच्या पुढचा प्रश्न बहुतेक बर्फातल्या बांगड्याच्या थर्मामीटरचा असेल, आणि तो कसा तपासायचा हे तुम्हाला सुचेल: ठेचलेला बर्फ आणि पाणी एकत्र करून त्यात बुडवायचा, शून्य दाखवतो का बघायचं.